स्थळ घरच्यांना पसंत, मुलीचे मन मात्र तयार नाही : आपले अनुभव सांगावेत

माझ्या धाकट्या बहिणीसाठी नाशिकचे स्थळ आले आहे. पत्रिकेत 36 पैकी 27 गुण जुळतात, मुलाची नोकरी चांगली आहे आणि आई-बाबांनी मनोमन होकार दिला आहे. बहिणीला मात्र पुढे जावेसे वाटत नाही, आणि तिकडून याद्यांची बैठक कधी ठेवायची, अशी विचारणा सुरू झाली आहे. अशा वेळी आपण काय केले?

शिक्षिका, सोलापूर : ‘आवडत नाही’ हे माझे उत्तर वडिलांनी ऐकूनच घेतले नाही. म्हणून मी वडीलधाऱ्यांशिवाय, घराबाहेर दुसरी भेट मागितली आणि त्या मुलाला विचारले की, मला भाऊ नसल्याने पगारातील काही रक्कम मी आईवडिलांना दिली तर चालेल का. बाकी सर्व प्रश्नांना त्याने मोकळेपणाने उत्तरे दिली. या एका प्रश्नावर मात्र ‘ते आई ठरवेल’ असे तो म्हणाला आणि नंतर फोनवरही तेच म्हणाला. हे मी जसेच्या तसे घरी सांगितले, तेव्हा वडील बराच वेळ बोलले नाहीत, पण मध्यस्थांना नकार त्यांनीच कळवला.

निवृत्त बँक कर्मचारी, पुणे : काळजी करू नये. दबावाखाली झालेले लग्न वर्षभरात न्यायालयातून रद्द करून घेता येते.

वकील, कोल्हापूर : हे अर्धेच खरे आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 12 नुसार बळजबरीने संमती घेतली असेल तरच अर्ज करता येतो. बळजबरी संपल्यापासून एका वर्षात तो करावा लागतो, आणि त्यानंतर दोघे राजीखुशीने एकत्र राहिले असतील तर तो टिकत नाही. आईचे रडणे किंवा वडिलांचा अबोला ही बळजबरी होती, हे सिद्ध करणे फार कठीण असते.

वधूवर मंडळाच्या कार्यकर्त्या, ठाणे : याद्या होईपर्यंत बोलणे दोन घरांतच असते; त्यानंतर कार्यालयाची आगाऊ रक्कम भरली जाते, नातेवाइकांना कळते आणि नकार देणे दसपट अवघड होते. म्हणून बैठक पुढे ढकलायची असेल तर ‘नंतर पाहू’ असे न म्हणता उत्तराची तारीख द्यावी, नाहीतर मौन म्हणजे होकार समजून तिकडची मंडळी तयारीला लागतात. बहिणीने स्वतःकडेही लक्ष द्यावे. दुसऱ्या भेटीनंतर अवघडलेपण कमी झाले, तर तो केवळ अनोळखीपणा असू शकतो. पण भेट रद्द झाल्याचे कळताच तिला हायसे वाटले, तर ते मी गंभीरपणे घेईन.

गृहिणी, बेळगाव : माझ्या मुलाने आजीच्या आजारपणामुळे होकार दिला होता. मुलांवरील दडपणाबद्दलही कुणीतरी लिहावे.

धागाकर्ता : बहिणीने दुसरी भेट मागितली असून बैठक तूर्त थांबवली आहे. पैशांचा प्रश्न तिलाही विचारायचा आहे. बाबांनी मात्र मामांना शब्द दिला आहे. नकार आला तर तो मामांना कुणी सांगायचा, यावर घरात अजून एकमत नाही.