मदत हवी आहे: गाडी गॅरेजमध्ये उभी, तरी सांगली रस्त्यावरच्या नाक्यावर फास्टॅगमधून टोल कापला

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. बाबांच्या कारच्या फास्टॅगबद्दल विचारायचंय. रविवारी आम्ही टेंभुर्णीला जाऊन संध्याकाळी परत आलो. स्टेटमेंटमध्ये सावळेश्वर आणि वरवडे, दोन्ही नाक्यांवर दोन-दोनदा पैसे गेलेले दिसतात. दुसऱ्या वेळी रक्कम निम्मी आहे.
खरी काळजी त्यानंतरची. मंगळवारी गाडी सर्व्हिसिंगला होटगी रोडच्या एका गॅरेजमध्ये होती आणि दुपारी २.४० ला सांगली रस्त्यावरच्या एका नाक्याचे ७५ रुपये गेल्याचा मेसेज आला. त्या रस्त्याला आम्ही या वर्षात फिरकलोही नाही. बँकेच्या हेल्पलाईनवर 'व्यवहार यशस्वी झालाय' एवढंच सांगतात. रक्कम लहान आहे, पण बाबा पेन्शनर आहेत, त्यांना हे फार लागलंय. पैसे परत कसे मागायचे?

होटगी_एक्स्प्रेस
सरळ आहे, मेकॅनिक गाडी घेऊन फिरायला गेला असणार. आमच्या शेजारच्यांच्या बाबतीत असंच झालं होतं. आधी गॅरेजवाल्याला धरा.

माजी_लेनवाला
मी काही वर्षं टोलनाक्यावर लेनमध्ये काम केलंय, म्हणून आतून सांगतो.
रविवारचं सोडून द्या, ते बरोबर आहे. २४ तासांत त्याच नाक्यावरून परत आलात की परतीला निम्मा टोल लागतो. तक्रार कधी करायची? एकाच दिशेला, काही मिनिटांच्या अंतराने, पूर्ण रक्कम दोनदा गेली तर. वरचा रीडर टॅग उशिरा वाचतो, तोवर लेनमधला माणूस हातातल्या मशीनने पुन्हा वाचतो, आणि दोन्ही नोंदी पुढे जातात.
मंगळवारचं मात्र वेगळं आहे. टॅग वाचला गेला नाही की नियमाने काय व्हायला हवं? टॅग चालू आहे, त्यात पैसे आहेत आणि नाक्याचीच यंत्रणा बंद आहे, तर गाडी शून्य रुपयांच्या पावतीवर सोडायची. पण मागे रांग लागलेली असते, हॉर्न वाजत असतात. मग माणूस गाडीचा नंबर हाताने टाईप करतो आणि त्या नंबराला जोडलेल्या टॅगमधून पैसे जातात. तिथे एक आकडा चुकला की दुसऱ्याच्या घरी मेसेज वाजतो. टॅग तुमच्या काचेवर असला-नसला, काही फरक पडत नाही.
दोन गोष्टी बघून सांगा. स्टेटमेंटमध्ये रीडरने टॅग वाचल्याची वेळ आणि व्यवहाराची वेळ वेगवेगळी असते, मेसेजच्या वेळेवर जाऊ नका. मेसेज कधी कधी फार उशिरा येतो. आणि गॅरेजच्या जॉबकार्डावर गाडीचे किलोमीटर लिहिलेत का?

जुळे_सोलापूरकर
दोन्ही पाहिलं. वाचल्याची वेळही मंगळवारचीच, २.३७. जॉबकार्डावर गाडी घेताना ४१,२८६ किमी आणि देताना ४१,२८९. तीन किलोमीटरमध्ये गाडी त्या नाक्यापर्यंत जाणारच नाही. @होटगी_एक्स्प्रेस, गॅरेजवाले बिचारे प्रामाणिक आहेत.

होटगी_एक्स्प्रेस
मग शब्द मागे घेतो. किलोमीटरचं माझ्या लक्षातच आलं नाही.

सातरस्ता
falsededuction@ihmcl.com वर मेल टाका. टोलवाल्याला १ लाख दंड बसतो आणि तुम्हाला त्यातून भरपाई मिळते.

माजी_लेनवाला
@सातरस्ता, अर्धं बरोबर आहे. चुकीच्या कपातीला दर प्रकरणी १ लाख दंड लावतो असं २०२५ मध्ये आयएचएमसीएल या महामार्ग प्राधिकरणाच्या कंपनीने जाहीर केलंय आणि मेलचा पत्ताही हाच. पण दंड नाक्याच्या ठेकेदाराला बसतो, त्यातलं गाडीवाल्याला काही मिळत नाही. तुमचे कापलेले ७५ तेवढे परत येतात. शिवाय ही सोय राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांसाठी आहे, राज्याच्या रस्त्यावरच्या नाक्याचं तिथे सांगून उपयोग नाही. सांगली रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, म्हणून मेल आणि १०३३ वर फोन, दोन्ही करा.
पैशाचा खरा रस्ता मात्र टॅग देणाऱ्या बँकेतूनच जातो. हेल्पलाईनवर नुसतं बोलून भागत नाही. ॲपमध्ये किंवा पोर्टलवर त्या व्यवहारावरच वाद नोंदवा, कारण 'या नाक्यावरून प्रवास केला नाही' हे निवडा, 'दोनदा कपात' नको. कारण चुकलं की तपास भलत्याच गोष्टीचा होतो. जॉबकार्डाचा फोटो जोडा. आणि स्पष्ट लिहा: त्या वेळेचा लेनमधला गाडीचा फोटो दाखवा. तुमची बँक तो दावा नाक्याच्या बँकेकडे पाठवते आणि तिथून फोटो मागवला जातो. फोटोत तुमची गाडी नसेल तर त्यांना पैसे सोडावेच लागतात.

कुर्डुवाडी_जंक्शन
माझंही असंच झालंय! जुनी कार विकून वर्ष झालं, नवा मालक फिरतो आणि टोल माझ्या खात्यातून. मीही हाच दावा टाकू का?

माजी_लेनवाला
नको, तुमची गाडी खरंच त्या नाक्यावरून गेलीये, फोटोत तीच दिसेल. तुम्ही तो टॅग आजच बंद करून घ्या. विकताना काचेवरून काढायला हवा होता, आता बँकेला विक्रीची कागदपत्रं दाखवून बंद होईल. गेलेले पैसे नव्या मालकाकडूनच मागा.

विजापूर_वेस
आणि कुणी खोटी नंबरप्लेट लावून फिरत असेल तर?

माजी_लेनवाला
तेही फोटोतूनच कळेल. प्लेटवर तुमचाच नंबर आणि गाडी दुसरी, असं दिसलं तर टोलचं बाजूला ठेवून आधी पोलिसांत जा. प्लेटवर वेगळा नंबर असेल तर टाईप करणाऱ्याची चूक.

जुळे_सोलापूरकर
अपडेट. बँकेने पहिला दावा 'नाक्याच्या म्हणण्यानुसार व्यवहार बरोबर' म्हणून बंद केला. फोटो नव्हताच. पुन्हा उघडायला लावला, 'फोटोशिवाय उत्तर मान्य नाही' असं लिहिलं आणि १०३३ चा तक्रार क्रमांक टाकला. दरम्यान नाक्यावरून एकाचा फोन आला, ७५ रुपये यूपीआयने पाठवतो, तक्रार मागे घ्या म्हणाला. काय करू?

सातरस्ता
घेऊन टाका, विषय संपला.

माजी_लेनवाला
मी घेणार नाही. तक्रार मागे घेतली की नोंदच राहत नाही. आणि फोन खरा नाक्याचाच कशावरून? त्याला ओटीपी, क्यूआर काही देऊ नका. पैसे टॅगच्या खात्यातच यायला हवेत. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पुन्हा तेच दिलं, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली लागते, ती तुमची आहेच.

जुळे_सोलापूरकर
फोटो आला. पांढरी पिकअप आहे, नंबर आमच्यासारखाच एमएच १३, फक्त शेवटचा आकडा ३ च्या जागी ८. बँक म्हणते दावा मान्य, पैसे अजून जमा नाहीत. बाबांना फोटो दाखवला, तेव्हा कुठे ते शांत झाले.

माजी_लेनवाला
छान. फोटो जपून ठेवा. त्या पिकअपचा टॅग खराब असेल तर ती पुन्हा त्याच नाक्यावर येईल आणि पुन्हा हाताने नंबर टाकला जाईल. मेलमध्ये दोन्ही नंबर लिहून हे कळवा.

जुळे_सोलापूरकर
हो, आजच लिहितो. आमच्या नंबरावर हाताने कपात होऊच नये, असं बँकेला बंद करता येतं का? कुणी केलं असेल तर सांगा.

विजापूर_वेस
मीही हेच शोधतोय, अजून कुठे सापडलं नाही.