जर्मनमध्ये 'टाग' की 'टाक'? तुमचे अनुभव सांगा

जर्मन शिकताना शब्दाच्या शेवटचे ब, ड, ग आणि वाक्याचा सूर यांनी कुणाकुणाला छळलं? आधी माझंच सांगते. जर्मनीत आल्यावर घरमालकिणीला फोनवर माझा नंबर सांगत होते. दोन-दोन आकडे, प्रत्येक जोडीला सूर वर. शेवटच्या जोडीलाही वरच. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "उण्ट?" म्हणजे "आणि पुढे?" नंबर संपलाय हे तिला कळलंच नव्हतं! आणि मी वर्षभर ज्याला 'उण्ड' म्हणत होते, ते तिच्या तोंडून स्वच्छ 'उण्ट' ऐकू आलं. एका शब्दात माझ्या दोन्ही चुका.

शब्दवेडी: मी जर्मन शिकवते. मराठीत आपण शेवटचा अ गिळतो, पण घोष, म्हणजे ब-ड-ग म्हणताना घशात होणारी थरथर, सोडत नाही. 'वाद' आणि 'वात' वेगळेच राहतात. जर्मन मात्र शेवटी घोष सोडतं, म्हणून 'टाग' म्हणजे दिवस, त्याचा 'टाक' होतो. 'राड' (चाक) आणि 'राट' (सल्ला) लिहायला वेगळे, पण दोन्हींचा उच्चार 'राट'. अनेकवचनात पुढे स्वर आला की ड परत येतो: 'रेडर'. म्हणून मी मुलांना आधी अनेकवचन म्हणायला लावते. 'हुंडं' म्हणजे कुत्रे, ते म्हणा, मग शेपूट काढा, 'हुण्ट'.

खरी गंमत दोन शब्द जोडताना होते. सत् + आचार = सदाचार हे आपल्या कानात मुरलंय, 'एकदम'सुद्धा आपण 'एगदम' म्हणतो. त्यामुळे 'हाप इश' (माझ्याकडे आहे) चं बोलताना 'हाबिश' होतं. जर्मन माणूस स्पष्ट बोलताना 'इश'च्या आधी घशात किंचित अडतो, म्हणून प तसाच राहतो. तो अडथळा आला की अर्धं काम झालं.

बिनधास्त_बंड्या: एवढं कशाला? मी सरळ नियम केलाय. ब दिसला की प, ड दिसला की ट. पहिला अक्षरगट सोडायचा. संध्याकाळी 'गूटन आपण्ट' म्हणतो, कुणी हसत नाही.

शब्दवेडी: हसत नाहीत, कारण सभ्य आहेत. ते 'आबण्ट' आहे. शेवटचा ट बरोबर, पण मधल्या ब नंतर त्याच तुकड्यात स्वर आहे, म्हणून तो ब-च. उलट 'आप-एंडर्न' (बदल करणे) मध्ये 'आप' हा वेगळा तुकडा, म्हणून पुढे स्वर असूनही प. शब्द कुठे जोडलाय ते पाहावं लागतं.

बिनधास्त_बंड्या: म्हणजे आता शब्द फोडत बसू? बरं.

नातवाची_आजी: माझा प्रश्न जरा उलटा आहे. नातू स्टुटगार्टला वाढतोय. परवा म्हणाला, "आजी, मला बाक आवडते." म्हटलं, लाकडाचा बाक कसला आवडतो तुला? तर पोराला बाग म्हणायचं होतं! पण "बागेत जाऊ" अगदी बरोबर म्हणतो. 'राग'चाही 'राक' करतो. शाळेमुळे असेल का? मी टोकत नाही, पण लेक म्हणते टोका.

व्हिएन्नाकर: पुण्यात मला वीसला 'त्स्वान्त्सिश' शिकवलं. इथे सगळे 'त्स्वान्त्सिक' म्हणतात. मी इथलं उचललं, तर जर्मनीतला साहेब म्हणतो, दक्षिणेकडचा झालास. कुणाचं ऐकू?

रुळावरचा: दोन्ही चालतं हो. मी सुरावर बोलतो. मी रेल्वेत आहे, 'डेअर त्सूक फेअर्ट उम आख्ट ऊअर आप', गाडी आठला सुटते, हे वाक्य पाठ झालंय. मराठी चालीत माझा सूर 'त्सूक'वर वर, 'ऊअर'वर वर आणि 'आप'वरही अर्धवट वर लटकलेला. सहकारी पुढच्या वाक्याची वाट बघायचा. तिथे जोर 'आख्ट'वर यायला हवा, मग उतार, आणि 'आप' सगळ्यात खाली. मोबाइलवर रेकॉर्ड करून फक्त शेवटचा शब्द ऐकायचो. तो खालचा नसेल तर पुन्हा. दोन महिने गेले. आता 'त्सूक'वर सूर थोडा चढला तरी चालतो, कारण वाक्य अजून संपलेलं नसतं.

सांजवात: आणि प्रश्न? 'वो वोनन झी?' (कुठे राहता?) ला मी सूर वर नेते. शिक्षक म्हणायचे, 'कुठे, कोण' असेल तर खाली आणा, वर फक्त हो-नाहीच्या प्रश्नाला.

रुळावरचा: आमच्या कोलोनमधल्या बायका लहान मुलांना विचारताना वर नेतात की.

शब्दवेडी: नेतात, तेव्हा ते जास्त मायेचं वाटतं. पण ऑफिसात तेच "काय म्हणालात, पुन्हा सांगा" असं ऐकू येऊ शकतं. याची रेघ नेमकी कुठे ओढायची, यावर माझं आणि माझ्या जर्मन नवऱ्याचं अजून भांडण चालू आहे.

नातवाची_आजी: ते सगळं ठीक, पण बाकाचं काय करू?