शब्दचर्चा: ‘फ्लुइड मोझेक’मधल्या ‘फ्लुइड’ला ‘प्रवाही’ म्हणावं का?

चौकस
पेशीपटलावरच्या एका मराठी मजकुराचं संपादन चालू आहे. ‘फ्लुइड मोझेक मॉडेल’ला एके ठिकाणी ‘द्रायू मोझेक’, दुसरीकडे ‘प्रवाही मोझेक’ आणि तिसरीकडे ‘तरल मोझेक’ असं लिहिलंय. तिन्हींपैकी एकच ठेवायचा आहे. माझा कल ‘प्रवाही’कडे आहे, वाचकाला लगेच कळतो. हरकत आहे का?

पानफुटी
मोझेक म्हणजे टोमॅटोच्या पानांवर पिवळे-हिरवे ठिपके पडतात तोच ना? त्याला आम्ही मोझेकच म्हणतो, भाषांतर कशाला?

चौकस
तो विषाणूजन्य रोग. नाव एकाच कल्पनेवरून आलंय, वेगवेगळ्या रंगांचे तुकडे शेजारी शेजारी. इथे तुकडे म्हणजे लिपिडांच्या थरात बसलेली प्रथिनं.

द्विस्तर
‘प्रवाही’ला माझी हरकत आहे. प्रवाह म्हटलं की एक दिशा येते. नदी वाहते, वीज वाहते. पेशीपटलात तसं काही वाहत नाही. प्रत्येक लिपिड आपल्या जागी थरथरतं, शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल करतं आणि असं करत करत कुठेतरी सरकतं. ही अदलाबदल सेकंदाला सुमारे 1 कोटी वेळा होते. एवढी धावपळ करूनही ते एका सेकंदात जेमतेम 2 मायक्रोमीटर लांब पोचतं, कारण पुढचं पाऊल कुठे पडेल ते ठरलेलं नसतं. म्हणून मी ‘द्रायू’ ठेवेन. तो वाहण्याबद्दल काही बोलत नाही, फक्त पदार्थ आकार धरून बसत नाही एवढंच सांगतो.

शब्दवेडा
‘द्रायू’त वायूही आला की! पटल वायूसारखं असतं असं वाचकाला वाटलं तर? त्यापेक्षा ‘द्रव’ बरा. आणि हालचाल सगळीकडे होते हे तर बरोबरच आहे: लिपिड आडवी सरकतात, बाहेरच्या थरातून आतल्या थरात उलटतात, पुन्हा बाहेर येतात. म्हणून तर ‘फ्लुइड’ म्हटलंय.

द्विस्तर
आडवी सरकतात हे बरोबर. उलटण्याचं मात्र तसं नाही आणि चुका बहुतेक इथेच होतात. लिपिडाचं डोकं पाण्याला चिकटून असतं, शेपट्या पाणी टाळतात. उलटायचं तर ते डोकं शेपट्यांच्या तेलकट भागातून ओढत न्यावं लागतं. निव्वळ फॉस्फोलिपिडांच्या थरात असं उलटायला एकेका रेणूला तास, कधी दिवस लागतात. पेशीत ते काम काही ठरावीक प्रथिनं करतात आणि त्यांतली काही एटीपी खर्चतात. त्यामुळेच फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड आतल्या थरात कोंडून ठेवता येतं. पेशी मरणपंथाला लागली की ते बाहेर दिसू लागतं, आणि अ‍ॅनेक्सिन नावाचं त्याला चिकटणारं प्रथिन लावून आपण ते ओळखतो. उलटणं सोपं असतं तर ही खूण कामाचीच राहिली नसती. कोलेस्टेरॉल अपवाद आहे, त्याचं डोकं इवलंसं असल्यामुळे ते पटकन उलटतं.
थोडक्यात, हा द्रव दोनच मितींचा आहे. तुमचा ‘द्रव’ ही अट कुठे सांगतो?

शब्दवेडा
मान्य. पण ‘द्रायू’ही सांगत नाहीच!

चौकस
प्रथिनांचं काय? तीही लिपिडांसारखीच सरकतात असं समजायचं?

द्विस्तर
सरकतात, पण हळू आणि सगळी नाहीत. 1970 साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराच्या आणि माणसाच्या पेशी सेंडाई विषाणूच्या साह्याने जोडल्या. दोघांच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांत चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी खूण केली. जोडल्यावर लगेच अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. 37 अंशांवर 40 मिनिटांत रंग मिसळलेले. गाभा पुढे आहे: पेशीची ऊर्जानिर्मिती रोखली तरी मिसळणं थांबलं नाही, गारठवल्यावर थांबलं. म्हणजे कुणी ढकलत नव्हतं, उष्णतेची थरथर पुरेशी होती. तुमच्या ‘प्रवाही’विरुद्ध यापेक्षा चांगला पुरावा मला देता येणार नाही.
अंदाज घेऊन बघा. सपाटीवरच्या अशा भटकंतीत x² = 4Dt, x म्हणजे अंतर, t वेळ आणि D विसरणाचा गुणांक, जेवढा मोठा तेवढं सरकणं जलद. 40 मिनिटं म्हणजे 2400 सेकंद. तेवढ्यात 14 मायक्रोमीटर अंतर कापायचं तर D येतो सुमारे 0.02 चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंद. लिपिडाचा असतो साधारण 1, म्हणजे पन्नास पट. सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 मध्ये मॉडेल मांडलं तेव्हा हा प्रयोग त्यांच्या हाताशी होता.

सूक्ष्मदर्शी
माझा प्रश्न शब्दाचा नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून. फ्रॅपमध्ये, म्हणजे एक ठिपका विझवून चमक किती परत येते ते बघण्याच्या प्रयोगात, एका पटल-प्रथिनाची चमक लेसरने विझवली, 100 वरून 20 वर आली. नंतर 68 पर्यंत चढली आणि तिथेच अडकली. पाच मिनिटं थांबून बघितलं, हलत नाही. प्रथिन ‘द्रायू’ असेल तर 100 का होत नाही?

द्विस्तर
80 गमावले, 48 परत आले, म्हणजे 60 टक्के. पण आधी तपासा: त्याच पेशीतला न विझवलेला भाग त्या पाच मिनिटांत किती फिका झाला? नुसतं बघत राहिल्यानेही चमक कमी होते आणि तीच घट ‘अचल’ प्रथिनांच्या नावावर जमा होते.

सूक्ष्मदर्शी
तो भाग बघितला, जवळपास जसाच्या तसा आहे.

द्विस्तर
मग दोन शक्यता. एक, 40 टक्के प्रथिनं खरोखर बांधलेली आहेत. तांबड्या पेशीतलं बँड-3 हे प्रथिन अँकिरिनमार्फत पटलाखालच्या स्पेक्ट्रिनच्या जाळीला बांधलेलं असतं, तसं. दोन, सगळी हलतात, पण छोट्या कुंपणांत. कुंपणातला बराच भाग तुम्ही एकदम विझवला, तर भरून काढायला आत चमकणारी उरतातच किती?
वेगळं ओळखायला तोच ठिपका तेवढ्याच जोराने पुन्हा विझवा. प्रथिनं बांधलेली असतील तर ती पहिल्याच वेळी विझली आहेत. आता चमक 68 वरून सुमारे 14 वर जाईल आणि 62 च्या आसपास परतेल, म्हणजे गमावलेल्याच्या 88 टक्के. कुंपण असेल तर आकडा पुन्हा 60 टक्क्यांच्याच आसपास घुटमळेल. ठिपक्याची त्रिज्या मात्र दोन्ही वेळा तीच ठेवा, तुलना नाहीतर फुकट जाईल.

शब्दवेडा
म्हणजे लिपिडांच्या समुद्रात तरंगणारे हिमनग हे चित्रही फसवंच?

द्विस्तर
अर्धं. समुद्र फार मोकळा दाखवतात. सर्वसाधारण पटलात वजनाने निम्मी प्रथिनं असतात आणि हिशेबाला एका प्रथिनामागे पन्नासेक लिपिडं येतात. गर्दीतून वाट काढणं म्हणा हवं तर. काही हिमनगांना तर खालून दोरही बांधलेले.

चौकस
‘प्रवाही’ सोडला. ‘द्रायू मोझेक’ ठेवतो आणि पहिल्याच वाक्यात ‘थराच्या सपाटीत इकडेतिकडे सरकणारे’ असं घालतो.

शब्दवेडा
मी ‘द्रव’वरच आहे. आणि ‘मोझेक’चं काय? ऐकणाऱ्याला जमिनीत घट्ट बसवलेले तुकडेच दिसणार, ‘द्रायू’ कितीही आधी लावा. फरसबंदीसाठीचा संस्कृत शब्द ‘कुट्टिम’ आणलं तर आणखी घट्ट.

सूक्ष्मदर्शी
दुसऱ्यांदा विझवलं. 71 टक्के परत आली. हे दोन्हींत बसत नाही.

द्विस्तर
दोन्हींचं मिश्रण असू शकतं. ठिपक्याची त्रिज्या निम्मी करून बघा. कुंपणाचा वाटा असेल तर परतीचा टक्का वाढायला हवा. बांधलेल्यांना ठिपक्याच्या आकाराशी देणंघेणं नाही.