दोषारोप मोघम ठेवले तर चौकशी सोपी होते की लंगडी?

वाडीतला : माझा मेहुणा श्रीवर्धनकडे तलाठी. निसर्ग वादळाच्या पंचनाम्यांवरून त्याला राज्य सेवेच्या शिस्त व अपील नियमांतल्या नियम 8 खाली विभागीय चौकशीचं ज्ञापन आलंय. दोषारोप एकच : ‘पंचनामे करताना गंभीर हलगर्जीपणा केला व सचोटी राखली नाही.’ विवरणपत्रातही तेच वाक्य, फक्त लांबवून. दहा दिवसांत उत्तर मागितलंय. कशाला उत्तर द्यायचं?

जुना अव्वल कारकून : असं ज्ञापन पाहिलं की चीड येते. जोडपत्र 1 मध्ये दोषारोप थोडक्यात असतो, ते चालतं. जोडपत्र 2 म्हणजे विवरणपत्र; तिथे घटना उलगडायची असते. कोणत्या तारखेचा पंचनामा, कोणतं मौजे, कोणता गट. समजा पंचनाम्यात सुपारीची 140 झाडं पडल्याचं लिहिलंय आणि मंडळ अधिकाऱ्यांच्या फेरतपासणीत 85 निघाली. तर 55 झाडांची भरपाई जादा गेली, हे लिहायचं. मग जोडपत्र 3 मध्ये ते दोन्ही पंचनामे आणि जोडपत्र 4 मध्ये साक्षीदार म्हणून मंडळ अधिकारी. एवढं असलं की माणूस उत्तर देऊ शकतो.

दुसरी खोट जास्त मोठी आहे. हलगर्जीपणा आणि सचोटी एकाच दोषारोपात कोंबलीत. न मोजता आकडा टाकला, हा हलगर्जीपणा. खातेदाराशी संगनमत करून आकडा वाढवला, हा सचोटीचा प्रश्न. पहिल्यात बचाव असा, की वाडीत वाट नव्हती, झाडांवर झाडं पडली होती, दिवसाला पाच-पन्नास वाड्या उरकायच्या होत्या. दुसऱ्यात हा बचाव कामाचा नाही, तिथे हेतूचा पुरावा कार्यालयानं आणायचा. दोन स्वतंत्र दोषारोप हवेत.

सादरकर्ता : मी अशा चौकशीत कार्यालयाची बाजू मांडतो, म्हणून स्पष्ट बोलतो. ही फौजदारी केस नाही, संशयातीत पुरावा लागत नाही. एका तलाठ्याचे शेकडो पंचनामे. एकच गट लिहिला तर बाकीचे चौकशीबाहेर राहतात, आणि त्या गटाची तारीख चुकली की अपचारी कर्मचारी सुटतो. सरकारचे पैसे गेले ते गेलेच. थोडं मोघम ठेवावंच लागतं.

जुना अव्वल कारकून : पुरावा कमी लागतो हे खरं, पण आरोप कळायलाच हवा. शेकडो पंचनामे असतील तर विवरणपत्राला तक्ता जोडा : गट, पंचनाम्याची तारीख, तेव्हाची झाडं, फेरतपासणीतली झाडं. एका ओळीत चूक निघाली तरी बाकीच्या ओळी उभ्या राहतात. उलट मोघम दोषारोपावर चौकशी अधिकाऱ्यानं दोष सिद्ध धरला, तर अपिलात पहिला घाव तिथेच बसतो. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुरथचंद्र चक्रवर्ती प्रकरणात हेच म्हटलं : तपशील नसला तर बचावाची संधीच मिळत नाही.

रत्नांग्रीचो : मग इतका कशाक? सरळ हायकोर्टात जावा, दोषारोपपत्रच रद्द करून घ्या.

सादरकर्ता : ज्ञापनाच्या टप्प्यावर कोर्ट सहसा हात घालत नाही. ज्याला अधिकारच नाही त्यानं ज्ञापन काढलं असेल तर गोष्ट वेगळी. मेहुण्याच्या ज्ञापनावर सही प्रांतांची आहे की तहसीलदारांची, ते आधी बघा.

शाळेतली ताई : मी जिल्हा परिषदेत शिक्षिका. माझ्यावरही ‘वर्तन शोभनीय नाही’ एवढंच लिहून कागद आलाय. मलाही नियम 8 का?

जुना अव्वल कारकून : ताई, तुम्हाला जिल्हा परिषदेचे 1964 चे शिस्त व अपील नियम. पण वर्तन कोणत्या दिवशी, कुणासमोर, काय, हे विचारण्याचा हक्क तुम्हालाही आहे. लेखी विचारा.

वाडीतला : सही प्रांतांचीच आहे. आणि फेरतपासणी वर्षभरानं झाली. तोवर पडलेली खोडं कुंपणाला लागली होती, खुंट कुजले होते, नवी रोपं लावून झाली होती. मग झाडं मोजली कशावरून?

जुना अव्वल कारकून : याच मुद्द्यावर प्रकरण फिरू शकतं. फेरतपासणी कोणत्या पद्धतीनं झाली हे विवरणपत्रात नाही. उभी झाडं मोजून आधीच्या नोंदीतून वजा केली की खुंट मोजले? मुदत टळू देऊ नका. दोषारोप अमान्य एवढंच लिहा, आणि त्याच पत्रात फेरतपासणीचे पंचनामे व मोजणीची पद्धत मागा. पूर्ण बचाव कागद हातात आल्यावर. त्याआधी सविस्तर लिहिलंत, तर त्यांच्या आरोपातल्या रिकाम्या जागा तुम्हीच भरून द्याल.

सादरकर्ता : हे मला पटत नाही. काही लपवायचं नसेल तर पहिल्याच उत्तरात सगळं सांगावं, कधीकधी तिथेच प्रकरण मिटतं. असो. मूळ पंचनाम्यावर ग्रामसेवक आणि कृषी सहायकाच्याही सह्या असतील ना?

वाडीतला : तिघांच्या आहेत. दोषारोप एकट्यावर.

सादरकर्ता : ते दोघे जिल्हा परिषद आणि कृषी खात्याचे, त्यांचे प्राधिकारी वेगळे. म्हणून राहिले असतील. पण तिघांनी मिळून मोजलं असेल तर एकट्याची सचोटी कशी गेली, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.