अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स की साधा भाडेकरार?

वारजेकरीण
पुढच्या महिन्यात कोथरूडला राहायला जातोय. भाडं २२,०००, डिपॉझिट ६०,०००. मुलगी आठवीत आहे, तिची दहावी होईपर्यंत परत सामान हलवायचं नाही. मालक म्हणतात ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्सच करू. एजंट म्हणतो ११ महिन्यांचं आहे, नोटरी पुरे, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला. सासरे म्हणतात लायसन्सवर सही करू नकोस, साधा भाडेकरार माग, त्यात भाडेकरूला हक्क असतात. कोणाचं ऐकू?

पेठेतला
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. साधा भाडेकरार देणारा मालक सापडला तर त्याचा पत्ता मलाही द्या, दर्शनाला जाईन.

आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं आजोबांच्या काळापासून आहेत. एकाचं भाडं महिना १४० रुपये. गेल्या पावसाळ्यात पत्रे बदलले, त्या खर्चात त्यांची कित्येक वर्षांची भाडी गेली. मूळ भाडेकरू वारले, आता मुलगा राहतो. कोर्टात गेलो तर बाबांच्या हयातीत निकाल लागणार नाही, असं आमचे वकीलच सांगतात. हे सगळं बघून मोठा झालेला माणूस स्वतःचा फ्लॅट साध्या भाडेकराराने देईल का? मी माझा वन बीएचके लायसन्सवर देतो. लायसन्स आहे म्हणून तर शहरात घरं भाड्याने मिळतात, नाहीतर लोकांनी कुलूप लावून ठेवली असती.

घर_दुसऱ्याचं
पेठेतले दादा, १४० रुपयांची गोष्ट किती वर्षं सांगणार? त्या ताई महिना बावीस हजार मोजणार आहेत. त्यांना तीन वर्षं शांतपणे राहता यावं एवढंच हवंय, वाडा नकोय.

सासरे बरोबर बोलतायत. घराची किल्ली तुमच्याकडे, स्वयंपाक तुमचा, मालक आत पाऊल टाकत नाही, मग हे नुसतं 'वापरायची परवानगी' कसं? सुप्रीम कोर्टाने १९५९ सालीच असोसिएटेड हॉटेल्सच्या केसमध्ये सांगितलं की कागदावरचं नाव बघू नका, व्यवहार काय आहे ते बघा. लायसन्स लिहिलं म्हणून भाडेकरू लायसन्सी होत नाही.

बंगळुरात_अडकलेला
इकडे गेली सहा वर्षं ११ महिन्यांच्या करारावरच राहतोय. स्टँप पेपर, दोन सह्या, संपलं. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तरच रजिस्टर करायचा असतो, हा अख्ख्या देशाचा १९०८ चा कायदा आहे. अकरा महिने त्याचसाठी. एजंट बरोबर आहे, उगाच हजार रुपये घालवू नका.

काळा_डगला
बंगळुरूवाले, नियम तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो तुमच्या गावाला लागू. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे. लायसन्स असो की भाडेकरार, अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिन्यांच्या आकड्यात इथे काही जादू उरलेली नाही. सवय तेवढी राहिली आहे, आणि दर अकरा महिन्यांनी एजंटला मिळणारी फी.

ताई, आता तुमचा हिशेब करू. ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्या रकमेवर काढतात. अकरा महिन्यांचं भाडं २,४२,००० आणि व्याज ५,५००, म्हणजे शुल्क साधारण ७००. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. असं तीनदा केलंत तर पाच हजारांच्या वर जाल, आणि ३३ महिनेच होतील. त्याऐवजी एकदाच ३६ महिन्यांचं करा, दरवर्षी पाच टक्के वाढ धरून. एकूण भाडं ८,३२,२६० होतं, व्याज १८,०००, शुल्क २,२०० च्या आसपास आणि फी तीच १,०००. दहावीची परीक्षाही त्यात बसली.

तुमच्या सासऱ्यांच्या मार्गाचा खर्चही सांगते. साध्या भाडेपट्ट्याला शुल्क भाड्यावर नाही, घराच्या बाजारभावावर. पाच वर्षांपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने. फ्लॅट ८० लाखांचा धरला तर आठ लाखांवर पाच टक्के धरूनही ४०,००० झाले, शहरात त्याहून जास्तच. मालक वाड्यांना घाबरतो ते आहेच, पण हा आकडा ऐकून तो आधी हसेल.

घर_दुसऱ्याचं
खर्चाचं कळलं. हक्काचं बोला. १९५९ च्या निकालाचं काय?

काळा_डगला
निकाल जागेवर आहे, पण कलम २४ तुमच्या आड येतं. राहण्यासाठी दिलेल्या जागेचं लेखी लायसन्स असेल तर त्यात लिहिलेलं हाच निर्णायक पुरावा, असं त्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय. मुदत संपल्यावर 'मी खरा भाडेकरू' असं सांगायला गेलात तर तुमच्याच सहीचा कागद समोर येतो. मालक दिवाणी कोर्टात जातच नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते, ते चुकलं की मालकाचं म्हणणं मान्य धरतात. वर मुदतीनंतर जितके दिवस राहिलात तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं.

भाडेकराराचं उलट आहे. मुदत संपली तरी भाडेकरू भाडं भरत असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही, भाडंही वर्षाला चार टक्क्यांच्या वर सहसा वाढवता येत नाही, आणि तो वारला तर सोबत राहणाऱ्या घरच्यांना हक्क मिळतो. फरक एवढा मोठा असल्यामुळेच तो करार कोणी देत नाही. तुम्ही तीन वर्षं मागता, मालकाला तीन पिढ्या दिसतात.

पेठेतला
हेच म्हणत होतो. आणि लायसन्स दिलं की निर्धास्त, असंही नाही बरं. १ फेब्रुवारी १९७३ ला ज्यांचं लायसन्स चालू होतं त्यांना सरकारने कायदा बदलून भाडेकरू करून टाकलं. आमचं चौथं बिऱ्हाड असंच कायम झालं. बाबा अजून कागदावर सही करताना तारीख दोनदा बघतात.

घर_दुसऱ्याचं
मग माझा प्रश्न उलटा. कलम ५५ मध्येच पुढे आहे की नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालकाने खोटं ठरवेपर्यंत. म्हणजे एजंटची नोटरी ताईंच्याच पथ्यावर नाही का? करू देत की नोटरी!

काळा_डगला
वाचलंय तुम्ही, हे मान्य. पण 'अटींबद्दल' म्हणजे कुठवर? भाडं किती आणि मुदत किती यात तुमचा शब्द चालेल. त्याच्या जोरावर 'मुळात हे लायसन्सच नव्हतं' इथपर्यंत जाता येतं का, यावर दोन्ही बाजूंनी वकील भांडू शकतात. आठवीतल्या मुलीला घेऊन मी तो प्रयोग करणार नाही. शिवाय आधार, गॅस, शाळा, सगळीकडे नोंदलेला करार आणि इंडेक्स टू मागतात.

घर_दुसऱ्याचं
भांडू शकतात म्हणजे चूक ठरलेलं नाही. एवढंच म्हणायचं होतं.

लक्ष्मीरोड_गाळा
माझा गाळा पण लिव्ह अँड लायसन्सवर आहे, २०१९ पासून. मालक म्हणतो मुदत संपली की सक्षम प्राधिकारी महिन्यात बाहेर काढेल. डिपॉझिट बुडेल का?

काळा_डगला
कलम २४ राहण्याच्या जागेपुरतं आहे, दुकानाला ती वाट नाही. मालकाला कोर्टातच जावं लागेल. डिपॉझिटचं तुमचा कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, वेगळा धागा काढा.

दोनदा_हललो
सगळे मुदत संपल्यावरचं बोलतायत. माझं सातव्या महिन्यात झालं. मालकाने फ्लॅट विकला, नवीन मालक रविवारी सकाळी पेढे घेऊन आला आणि म्हणाला गृहप्रवेश दिवाळीत आहे. करार रजिस्टर होता, मी फाईल काढून दाखवली. तो म्हणाला, त्यावर माझी सही कुठे आहे? आणि खरंच नव्हती.

काळा_डगला
दुर्दैवाने कायदा त्याच्या बाजूने होता. लायसन्स १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात येतं, त्याच्या कलम ५९ प्रमाणे मालमत्ता घेणाऱ्यावर आधीच्या मालकाने दिलेलं लायसन्स बंधनकारक नसतं. भाडेकरार असता तर भाडेकरूसकटच घर विकलं गेलं असतं. तुमची चूक नसताना मुदतीआधी निघावं लागलं म्हणून जुन्या मालकाकडून भरपाई मागता येते, पण भरपाईत झोपता येत नाही.

ताई, तुमचा खरा धोका हा आहे, अकरा की छत्तीस हा नाही. मसुद्यात लिहून घ्या: घर विकलं तर खरेदीखतात तुमच्या मुदतीचा उल्लेख करायचा, न केल्यास ठरावीक रक्कम तुम्हाला द्यायची. लॉक-इन दोघांनाही हवा. बहुतेक छापील मसुद्यात तो फक्त राहणाऱ्याला असतो आणि मालक एक महिन्याच्या नोटिशीवर मोकळा. ती ओळ शोधा, बहुधा दुसऱ्या पानावर सापडते. डिपॉझिट परत आणि किल्ली परत एकाच वेळी, एकाच टेबलावर.

पेठेतला
विक्रीची अट मी तरी घालू देणार नाही. घर माझं, अडचण आली तर विकायला लागतं. लॉक-इन दोघांना ठेवा, त्याला हरकत नाही.

वारजेकरीण
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना ४०,००० चा आकडा वाचून दाखवला, ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

मालकांशी बोलले. ३६ महिने आणि रजिस्ट्रेशन मान्य, खर्च अर्धा अर्धा. लॉक-इन दोघांना १८ महिने, त्यावर पुढे यायला तयार नाहीत. विक्रीच्या अटीवर मात्र "बघू" म्हणाले. काल एजंटचा मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन आला होता. मालकीणबाई सत्तरीच्या, त्यांचा अंगठा सहा वेळा दिला तरी उमटेना, ओल्या फडक्याने पुसला, शेवटी तर्जनी चालली. पण तोवर मी मसुद्याचं दुसरं पान उघडलं होतं, मालकाला एक महिन्याच्या नोटिशीची ओळ तशीच होती. मुलाला परत पाठवलं. शनिवारी पुन्हा येणार आहे. विक्रीच्या अटीसाठी ठरावीक रक्कम किती लिहू? दोन महिन्यांचं भाडं कमी होईल का?

दोनदा_हललो
टेम्पो, नवीन एजंटची फी आणि मधल्या काळात दोन्ही घरांचं भाडं धरून मला ५५,००० लागले होते. तीन महिन्यांचं मागा, दोनवर या.