वाक्यातलं ❤️ आणि हरवलेलं क्रियापद

> "I ❤️ Pune" चं मराठी "मी ❤️ पुणे" असं का येतं?

इथे ❤️ क्रियापदाचं काम करतंय, पण भाषांतराचं टूल बरेचदा त्याला नुसतं चिन्ह समजून जागच्या जागी ठेवतं. मराठीत क्रियापद शेवटी जातं, शिवाय 'आवडणे'सोबत 'मी'चं 'मला' व्हावं लागतं: "मला पुणे आवडतं". शब्दच नसेल तर हा बदल करायला टूलला आधार मिळत नाही. म्हणून आधी ❤️ च्या जागी `love` लिहून भाषांतर करा आणि चिन्ह नंतर वाक्याच्या शेवटी लावा.

🙏 चं दुखणं वेगळं. ते जागेवर नीट राहतं, अर्थ मात्र सरकतो: जपानीत बहुधा 'कृपया' किंवा 'आभार', आपल्याकडे आधी नमस्कार. "उद्या सुट्टी 🙏" पाठवायचं असेल तर "द्याल का?" हे शब्दांतच लिहा.