‘सगळ्यात मोठा गट आधी’ हा नियम स्लाइडवरून काढा

घोडबंदर_क्लास:
के-मॅप लोक उगाच अवघड करून शिकवतात. माझ्या स्लाइडवर एकच नियम आहे: सगळ्यात मोठा गट आधी घ्या, मग उरलेले एक झाका. चार व्हेरिएबलचं हे उदाहरण मुलं पाच मिनिटांत सोडवतात.

```
F = Σm(1,5,6,7,11,12,13,15)

AB\CD   00  01  11  10
 00      0   1   0   0
 01      0   1   1   1
 11      1   1   1   0
 10      0   0   1   0

F = BD + A'C'D + A'BC + ACD + ABC'
```

कोपरी_पूल:
सर, मी लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं सांभाळते. नेमकं हेच उत्तर दर सेमिस्टरला जर्नलमध्ये येतं आणि मला लाल पेनाने खोडावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ट्रुथ टेबलशी ताडलं तर सोळाच्या सोळा ओळी जुळतात, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पण प्रश्न ‘सिम्प्लिफाय करा’ असा असतो आणि इथे एक पद फुकट आहे. ते म्हणजे BD, तुमचा सगळ्यात मोठा गट.

मॅपकडे नीट बघा. मध्ये चार एकांचा चौकोन आणि त्याच्या चारही बाजूंना एकेक पातं, अगदी भिरभिऱ्यासारखं. मोठा चौकोन डोळ्यांत भरतो म्हणून हात आधी तिकडे जातो. सुरुवात पात्यांपासून करा. १ नंबरच्या घराचे शेजारी ०, ३, ५ आणि ९. त्यात एक फक्त ५ मध्ये आहे, म्हणजे १ ला ५ शिवाय जोडीदार नाही. ६ ला फक्त ७. ११ ला फक्त १५. १२ ला फक्त १३. या चार जोड्या घ्याव्याच लागतात, पर्याय नाही. त्या घेऊन झाल्या की चौकोनातली ५, ७, १५, १३ ही चारही घरं आपोआप झाकलेली असतात. BD ला स्वतःचं असं एकही घर उरत नाही.

```
F = A'C'D + A'BC + ACD + ABC'
```

म्हणून मुलांना सांगायचं ते असं: ज्या एकाला एकच मोठ्यात मोठा गट मिळतो, तो आधी शोधा. गट पाडून झाले की प्रत्येक गटावर बोट ठेवून विचारा, यात असा एक आहे का जो दुसऱ्या कुठल्याच गटात नाही? नसेल तर तो गट काढा. मोठा गट घ्या हे सांगणं बरोबर आहे, पण ते एक घर हातात धरल्यावर. अख्ख्या मॅपवर नजर टाकून नाही.

वाशी_पालक:
माझ्या मुलालाही याच विषयात मार्क गेले. डिप्लोमाला आहे. स्लाइडमध्ये ००, ०१, ११, १० असं छापलंय, ही छपाईची चूक असणार म्हणून त्याने ००, ०१, १०, ११ असं सुधारून घेतलं. गट सगळे बरोबर पाडले होते, मी स्वतः तपासले. तरी शून्य दिला. तक्रार कुणाकडे करायची?

कोपरी_पूल:
ताई, ती छपाईची चूक नाही. बाजूच्या घरात जाताना एकच बिट बदलावा म्हणून तो क्रम तसा आहे. त्याने ‘सुधारल्यावर’ ५ च्या शेजारी ६ येतो, म्हणजे ०१०१ च्या शेजारी ०११०. तिथे दोन बिट बदलतात. ती जोडी कागदावर चिकटलेली दिसते, पण त्यातून काहीच कटत नाही. व्हीच यांनी १९५२ मध्ये असा तक्ता मांडला तेव्हा तो साध्या बायनरी क्रमातच होता. १९५३ मध्ये बेल लॅब्जच्या कार्नॉ यांनी क्रम बदलला, तो याचसाठी. पण गट पाडण्याची रीत कळलेल्या मुलाला सरळ शून्य देणं मलाही पटत नाही.

रबाळे_बेंच:
BD फुकट आहे असं इथे छातीठोकपणे लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. टीटीसी एमआयडीसीत १९ वर्षं बोर्ड दुरुस्त करतोय.

A=0, B=1, D=1 ठेवा आणि C एकावरून शून्यावर आणा. म्हणजे घर ७ वरून ५ वर. आउटपुट दोन्हीकडे १. पण ७ झाकतो A'BC आणि ५ झाकतो A'C'D. C पडला की पहिला गेट लगेच सोडतो, दुसरा मात्र C' ची वाट बघतो आणि C' इन्व्हर्टरमधून फिरून येतो. तेवढे काही नॅनोसेकंद दोन्ही गेट शून्य. आउटपुट खाली जाऊन परत वर. BD असता तर त्याला C शी देणंघेणंच नाही, तो १ धरून ठेवतो.

एका कारखान्यात खोके मोजणारा काउंटर होता. फंक्शन वेगळं, पण दुखणं हेच: शेजारी शेजारी दोन गट आणि दोघांना जोडणारा गट नाही. रात्रपाळीत चार-सहा खोके जास्त मोजले जायचे, कधी एकही नाही. तीन दिवस सेन्सर बदलत बसलो. शेवटी स्कोपवर ती खाच दिसली, केसाएवढी बारीक. जोडणारं पद टाकलं आणि आकडे जुळले.

कोपरी_पूल:
काका, त्या काउंटरच्या क्लॉकला गेटचं आउटपुट थेट जोडलं, ही मूळ चूक आहे. मध्ये फ्लिप-फ्लॉप टाकून ठरलेल्या ठोक्याला आउटपुट घेतलं असतं, तर तोवर ते स्थिरावलं असतं. वाईट डिझाइनचं खापर के-मॅपवर का फोडताय?

रबाळे_बेंच:
बोर्ड मी डिझाइन केला नव्हता, बाई. समोर येतो तो दुरुस्त करावा लागतो, आणि गिऱ्हाईक आख्खा बोर्ड बदलून देत नाही.

आणि वाचवताय काय ते तरी मोजा. नॅंड-नॅंडने बांधा. चार जोड्यांना तीन इनपुटचे चार गेट, एका 74HC10 मध्ये तीन मिळतात, म्हणजे दोन आयसी लागल्याच. सहापैकी दोन गेट रिकामे. त्यातल्याच एकात B दोनदा आणि D एकदा दिला की BD तयार. शेवटी 74HC20 ऐवजी 74HC30 लावा आणि उरलेले इनपुट वर बांधा. आयसी तेवढेच. तुमची ती बचत कागदावरच राहते.

महापे_नाईट:
दोघेही कशासाठी भांडताय? चार इनपुटचं कुठलंही फंक्शन एफपीजीएच्या एका लुकअप टेबलमध्ये बसतं. चार पदं लिहा नाहीतर पाच, टूल तेच सोळा बिट भरतं. आमच्या ऑफिसात कुणी के-मॅप काढलेला मी पाहिला नाही.

कोपरी_पूल:
चार इनपुटपुरतं हे खरं आहे. पण परीक्षेत आणि ब्रेडबोर्डवर लुकअप टेबल नसतं. आणि तुमचं टूल BD काढून टाकेल, काकांना हवा असला तरी.

काका, आयसी मोजून दाखवलेत ते मान्य. या एका उदाहरणात BD स्वस्तात मिळतो. पण प्रश्न कमीत कमी पदांचा आहे, म्हणून जर्नलमध्ये मी तो खोडणारच. मुलाने ‘खाच टाळायला ठेवला’ असं शेजारी लिहिलं, तर मार्क देईन. आजवर एकानेही लिहिलेलं नाही.

रबाळे_बेंच:
कसं लिहितील? त्यांना कुणी सांगितलंय?

घोडबंदर_क्लास:
मॅडम, मी रात्री दहा उदाहरणं परत सोडवली. नऊ ठिकाणी माझा नियम चालला, इथेच अडकला. एका उदाहरणासाठी पद्धत बदलायला मन होत नाही, पण स्लाइडवर नेमकं हेच एक उदाहरण आहे, त्यामुळे बदलतो. आधी चार पाती, मग चौकोन. BD खोडत नाही. त्याच्यापुढे ‘अनावश्यक’ असं लिहितो.

रबाळे_बेंच:
‘अनावश्यक’ नका लिहू. ‘कमीत कमी पदांत येत नाही’ असं लिहा.